विश्लेषण : डोक्याला मार लागल्यानंतर एकाचे दोन का दिसतात? तपासणी ‘नॉर्मल’ असूनही वाचता का येत नाही?

पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर ३१ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी सामन्यात शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळला आणि त्याच्या जागी हर्षित राणा ‘कन्कशन सब्स्टिट्यूट’ म्हणून मैदानात उतरला. फलंदाजी अष्टपैलूच्या जागी वेगवान गोलंदाज कसा, यावर पुढे बरेच दिवस वाद रंगला. क्रिकेटमुळे ‘कन्कशन’ हा शब्द असा घरोघर पोहोचला असला, तरी हा आजार खेळाडूंपुरता नाही. दुचाकी घसरणे, जिन्यावरून पडणे, कपाटाच्या दारावर डोके आपटणे अशा साध्या घटनांतूनही तो होतो. चक्कर आणि डोकेदुखी ओसरल्यावरही काहींना अक्षरे धूसर दिसतात, एकाच्या दोन ओळी दिसतात, ट्यूबलाइटचा उजेड सहन होत नाही. डोळ्यांची तपासणी मात्र ‘नॉर्मल’ येते. असे का होते आणि ‘दृष्टी पुनर्वसन’ या उपचाराने काय साधते, याचा हा आढावा.

कन्कशनमध्ये नेमके काय बिघडते?

कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. वैद्यकीय वर्गीकरणात त्याला मेंदूची सौम्य इजा म्हणतात. त्यासाठी डोक्यालाच थेट मार लागावा लागतो असे नाही. गाडीला मागून धडक बसून मान जोरात झटकली गेली, तरी कवटीच्या आत मेंदू हलतो. या हालचालीत मेंदूच्या पेशींना जोडणारे लांबच लांब तंतू ताणले जातात. पेशींच्या आत-बाहेर होणारी क्षारांची ये-जा विस्कटते आणि ती पूर्ववत करण्यासाठी पेशींना जास्त ऊर्जा लागते. नेमका त्याच वेळी ऊर्जेचा पुरवठा कमी पडतो. म्हणजे मेंदूचा एखादा भाग फाटलेला किंवा तेथे रक्त साचलेले नसते, पण त्याचे काम मंदावलेले असते.

सीटी स्कॅनमध्ये काही दिसत नाही ते यामुळेच. मेंदूत रक्तस्राव किंवा कवटीला तडा नाही ना, हे पाहण्यासाठी तो स्कॅन असतो आणि त्या कामासाठी तो अत्यावश्यकही आहे. मंदावलेले काम मात्र त्यात उमटत नाही. त्यामुळे ‘स्कॅन नॉर्मल’ याचा अर्थ जिवाचा धोका दिसत नाही एवढाच. काही झालेलेच नाही, असा त्याचा अर्थ नाही.

मग डोळ्यांची तपासणीही ‘नॉर्मल’ कशी येते?

नेहमीच्या तपासणीत रुग्णाला सहा मीटरवरचा तक्ता वाचायला लावतात, तोही एक-एक डोळा झाकून. एकट्या डोळ्याला दूरचे किती स्पष्ट दिसते, हे त्यातून कळते. शेवटची ओळ वाचता आली की नोंद होते ‘६/६’. कन्कशननंतरची गडबड मात्र बहुतेक वेळा तीन वेगळ्याच कामांत असते. दोन्ही डोळे एकाच बिंदूवर आणणे, जवळच्या वस्तूवर फोकस धरून ठेवणे आणि नजर एका शब्दावरून पुढच्या शब्दावर अचूक नेणे ही ती कामे. तक्ता वाचताना यांपैकी एकाचाही कस लागत नाही. एक डोळा झाकलेला असताना दोन डोळ्यांचा मेळ तपासला जाणे तर शक्यच नाही.

प्रत्येक डोळा सहा स्नायू फिरवतात आणि त्या स्नायूंना मेंदूतून निघणाऱ्या तीन नसा चालवतात. या नसांना आज्ञा देणारे जाळे मेंदूच्या पुढच्या भागापासून लहान मेंदू आणि मेंदूच्या देठापर्यंत पसरलेले असते. इतक्या दूरवर पसरलेल्या जाळ्याला हादऱ्याची झळ कुठे ना कुठे बसणे अवघड नाही. अशा रुग्णाचे डोळे आणि स्नायू बहुधा धडधाकट असतात. ते चालवणाऱ्या यंत्रणेचा ताळमेळ चुकलेला असतो.

एकाचे दोन का दिसतात?

जवळचे पाहताना दोन्ही डोळे नाकाच्या दिशेने वळावे लागतात. या क्रियेला कन्व्हर्जन्स म्हणतात. वस्तू जितकी जवळ, तितके हे वळणे जास्त. दोन बाहुल्यांमधले अंतर सहा सेंटिमीटर धरले, तर ४० सेंटिमीटरवरचे पुस्तक वाचताना दोन्ही नजरांमध्ये साधारण साडेआठ अंशांचा कोन करावा लागतो. हातातला मोबाइल २५ सेंटिमीटरवर असेल, तर हाच कोन १४ अंशांच्या जवळ जातो. एरवी मेंदू हे काम न कळत करतो. कन्कशननंतर ही ताकद कमी झाली, की डोळे थोडा वेळ कसेबसे जुळतात आणि मग बाहेर सरकतात. दोन डोळ्यांतली दोन चित्रे एकमेकांवर बसत नाहीत आणि ओळी दुहेरी दिसू लागतात. याला ‘कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी’, म्हणजे नजर जवळ एकवटण्याची कमतरता म्हणतात. वाचायला बसल्यावर पहिली पाच-दहा मिनिटे बरी जाणे, मग अक्षरे तरंगणे, तीच ओळ पुन्हा वाचली जाणे आणि कपाळ दुखणे ही तिची ओळखीची लक्षणे आहेत. अनेक जण न कळत एक डोळा मिटून वाचू लागतात.

दुहेरी दिसण्याचे मूळ शोधण्यासाठी एक सोपी खूण उपयोगी पडते. दोन दिसत असताना एक डोळा तळहाताने झाकावा, मग दुसरा. कोणताही एक डोळा झाकल्यावर दुहेरी दिसणे थांबत असेल, तर दोष दोन डोळ्यांच्या जुळणीत आहे. एकाच डोळ्याने पाहतानाही दोन दिसत असतील, तर कारण त्या डोळ्यातच आहे. डोळा कोरडा पडणे, चष्म्याचा नंबर किंवा मोतीबिंदू अशी ती कारणे असू शकतात, आणि त्यांवर पुढे दिलेल्या व्यायामांचा उपयोग नाही.

दोन प्रतिमा कशा दिसतात, हेही डॉक्टरांना सांगावे. त्या शेजारी-शेजारी असतील आणि फक्त जवळच्या कामात दिसत असतील, तर कन्व्हर्जन्सचा संशय असतो. एकाखाली एक दिसत असतील, जिना उतरताना किंवा खाली पाहून वाचताना त्रास वाढत असेल आणि मान एका बाजूला कलती ठेवल्यावर बरे वाटत असेल, तर चौथ्या क्रमांकाच्या नसेला इजा झालेली असू शकते. ही नस बारीक आणि लांब असल्याने डोक्याच्या माराने ती सहज दुखावते. तिचा उपचार वेगळा आहे. सुरुवातीला चष्म्याच्या काचेवर पातळ प्रिझम चिकटवून दोन चित्रे जुळवतात, काही महिने वाट पाहतात आणि तिरपेपणा स्थिर राहिला तर शस्त्रक्रियेचा विचार करतात.

धूसर दिसण्याचे कारण काय?

जवळ पाहताना डोळ्यातले भिंग फुगते आणि फोकस जवळ येतो. तरुण डोळ्यात ही क्षमता भरपूर असते. किमान अपेक्षित क्षमता काढण्याचे एक जुने सूत्र आहे : वयाला चारने भागायचे आणि येणारा आकडा पंधरातून वजा करायचा. त्यानुसार १७ वर्षांच्या मुलीत ती पावणेअकरा डायॉप्टर असायला हवी. म्हणजे डोळ्यापासून साधारण नऊ सेंटिमीटरवरची अक्षरेही तिला स्पष्ट दिसली पाहिजेत. कन्कशननंतर हीच क्षमता चाळिशीतल्या माणसासारखी होऊ शकते. फळ्यावरून नजर वहीवर आणली, की अक्षरे स्पष्ट व्हायला काही क्षण लागतात. वहीवरून परत फळ्याकडे पाहिले, की पुन्हा तेच.

येथे एक गोष्ट बऱ्याचदा नजरेतून सुटते. माराने सुरू झालेल्या डोकेदुखीवर अमिट्रिप्टिलिनसारखी औषधे दिली जातात. त्यांच्या दुष्परिणामांत जवळचे धूसर दिसणे आणि डोळे कोरडे पडणे हे दोन्ही आहेत. त्यामुळे धूसरपणा मार लागल्यावर लगेच सुरू झाला की गोळ्या सुरू झाल्यानंतर, याची तारीखवार नोंद डॉक्टरांना दाखवावी. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नयेत.

हा त्रास किती जणांना होतो?

अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयातील तज्ज्ञांनी कन्कशन क्लिनिकमध्ये आलेल्या १०० किशोरवयीन रुग्णांची सविस्तर दृष्टितपासणी केली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६९ जणांत दृष्टीचा किमान एक दोष सापडला. सुमारे निम्म्या मुलांत फोकसचा आणि जवळपास तितक्याच मुलांत कन्व्हर्जन्सचा दोष होता. काहींमध्ये दोन्ही होते. हे रुग्ण विशेष क्लिनिकपर्यंत पोहोचलेले, म्हणजे तुलनेने जास्त त्रास असलेले होते. त्यामुळे डोक्याला मार लागलेल्या प्रत्येकाला हा आकडा लागू होत नाही.

दुसरी बाजूही ध्यानात घ्यायला हवी. चेन्नईच्या शंकर नेत्रालयाच्या संशोधकांनी तमिळनाडूतल्या शाळकरी मुलांची पाहणी केली, तेव्हा कोणताही मार नसलेल्या मुलांतही दोन डोळ्यांच्या समन्वयाचे दोष सुमारे ३० टक्के आढळले. म्हणजे आज सापडलेला दोष आधीपासूनचा असू शकतो आणि हादऱ्याने तो फक्त उघडा पडलेला असू शकतो. ‘आधी वाचताना असा त्रास होत होता का’ हा प्रश्न तपासणाऱ्याने म्हणूनच विचारायला हवा.

नेमकी तपासणी कशी करतात?

पहिली पायरी चाळणीची. पिट्सबर्ग विद्यापीठातील तज्ज्ञांनी २०१४ मध्ये पाच-दहा मिनिटांत होणारी एक तपासणी मांडली. ती ‘व्हॉम्स’ या नावाने ओळखली जाते. रुग्णाला हलत्या वस्तूचा नजरेने पाठलाग करायला, दोन बिंदूंमध्ये नजर झटपट नेायला लावण्याऐवजी आधी स्थिर बसवून विचारले जाते : डोकेदुखी, चक्कर, मळमळ आणि डोके जड वाटणे यांना शून्य ते दहापैकी किती गुण द्याल? मग नजरेच्या वेगवेगळ्या हालचाली करायला लावतात, मान हलवत एका अक्षराकडे पाहायला सांगतात आणि प्रत्येक हालचालीनंतर तेच गुण पुन्हा विचारतात. कोणत्या हालचालीने त्रास वाढतो, यावरून दोष कुठे असावा याचा अंदाज येतो.

याच तपासणीत एक लहान अक्षर हळूहळू नाकाकडे आणले जाते आणि त्याची दोन अक्षरे कधी होतात ते अंतर मोजतात. साधारण पाच सेंटिमीटरपर्यंत अक्षर एकच दिसावे, अशी अपेक्षा असते. दहा-पंधरा सेंटिमीटरवरच दोन दिसू लागली, तर पुढची तपासणी हवी. हे मोजमाप तीनदा घेतात, कारण थकवा हाच या दोषाचा स्वभाव आहे. पहिल्या वेळी ६ सेंटिमीटर आणि तिसऱ्या वेळी ११ आले, तर ते पुष्कळ सांगून जाते.

त्यानंतर डोळे जवळ पाहताना बाहेर किती सरकू पाहतात आणि त्यांना खेचून धरण्याची राखीव ताकद किती आहे, हे प्रिझम लावून मोजतात. ही ताकद सरकण्याच्या निदान दुप्पट असावी, असा जुना ठोकताळा आहे. शेवटी पंधरा प्रश्नांची एक प्रश्नावली असते. ‘वाचताना डोळे थकतात का’, ‘अक्षरे हलतात का’ अशा प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण. मुलांमध्ये १६ किंवा अधिक आणि प्रौढांमध्ये २१ किंवा अधिक गुण आले, तर त्रास दखल घेण्याजोगा मानतात.

पहिले काही आठवडे काय करावे?

बहुतेक प्रौढांची कन्कशनची लक्षणे दोन आठवड्यांत आणि मुलांची चार आठवड्यांत ओसरतात. त्याबरोबर नजरेचा ताळमेळही बऱ्याच जणांत आपोआप सुधारतो. म्हणून दुसऱ्याच दिवशी डोळ्यांचे व्यायाम सुरू करण्याची गरज नसते. पण आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचा जुना सल्लाही आता मागे पडला आहे. खेळातील कन्कशनविषयी अॅमस्टरडॅम येथे २०२२ मध्ये झालेल्या परिषदेचे सहमतीपत्र २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिले एक-दोन दिवस बेताची विश्रांती आणि मग चालण्यासारख्या हलक्या हालचाली सुरू कराव्यात, असे त्यात म्हटले आहे.

मोबाइलबाबत मात्र पहिले दोन दिवस खरेच महत्त्वाचे आहेत. अमेरिकेत १२ ते २५ वयोगटातील १२५ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला ४८ तास स्क्रीनपासून दूर राहायला सांगितले आणि दुसऱ्या गटाला मुभा दिली. दूर राहिलेल्यांची लक्षणे ओसरायला मध्यमानाने साडेतीन दिवस लागले, तर मुभा असलेल्यांना आठ दिवस. त्यानंतर स्क्रीन पूर्ण बंद ठेवण्याची गरज नसते. वेळ हळूहळू वाढवता येतो. मोबाइल तोंडाजवळ धरण्याऐवजी ४० सेंटिमीटरवर धरणे आणि अक्षरांचा आकार मोठा करणे, एवढ्यानेही डोळ्यांना वळावे लागणारा कोन बराच कमी होतो.

तीन-चार आठवड्यांनंतरही वाचन जमत नसेल, तर सविस्तर तपासणी करून घ्यावी. दुहेरी दिसत असेतोवर वाहन चालवू नये.

पुनर्वसनात प्रत्यक्ष काय करतात?

एक काल्पनिक, पण दवाखान्यात नेहमी दिसणाऱ्या प्रकारचे उदाहरण घेऊ. बारावीत शिकणारी १७ वर्षांची मुलगी स्कूटरवरून पडली. हेल्मेट होते, शुद्ध हरपली नाही, सीटी स्कॅन नॉर्मल आला. चार आठवड्यांनंतरही दहा मिनिटांपलीकडे वाचता येत नाही. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासला, तर दोन्ही डोळे ६/६. घरच्यांना वाटू लागते, की परीक्षेची भीती असावी.

सविस्तर तपासणीत चित्र वेगळे दिसते. अक्षर नाकाकडे आणताना १४ सेंटिमीटरवरच त्याची दोन होतात. जवळ पाहताना डोळे आठ एककांनी बाहेर सरकतात. ठोकताळ्यानुसार राखीव ताकद १६ हवी, ती आहे १०. फोकसची क्षमता पावणेअकराऐवजी साडेसात. प्रश्नावलीत ६० पैकी ३४ गुण. म्हणजे मुलगी बहाणा करत नाही. दहा मिनिटांत तिची राखीव ताकद संपते आणि मग ओळी फुटतात.

उपचार बारा आठवड्यांचा ठरतो. आठवड्यातून एकदा तासाभराचे सत्र आणि घरी आठवड्यातले पाच दिवस पंधरा-पंधरा मिनिटे. सुरुवात दोरी आणि मण्यांपासून होते. लांब दोरीत तीन रंगांचे मणी ओवलेले असतात. तिचे एक टोक नाकाशी धरायचे आणि दुसरे खिडकीला बांधायचे. एका मण्याकडे पाहिले, की तो एक दिसावा आणि त्या मण्यापाशी दोन दोऱ्या एकमेकींना छेदताना दिसाव्यात. दोऱ्या मण्याच्या पुढे किंवा मागे छेदत असतील, तर डोळे चुकीच्या ठिकाणी जुळत आहेत. एकच दोरी दिसत असेल, तर मेंदू एका डोळ्याचे चित्र दाबून टाकतो आहे. आपले डोळे नेमके कुठे पाहत आहेत, हे रुग्णाला स्वतःला दिसणे हाच या साध्या साधनाचा मोठा उपयोग आहे.

फोकससाठी आलटून-पालटून दोन प्रकारची भिंगे डोळ्यांसमोर धरून वाचायला लावतात. एका भिंगाने फोकस सैल सोडावा लागतो, दुसऱ्याने आवळावा लागतो. भिंतीवर मोठ्या आणि हातात लहान अक्षरांचा तक्ता देऊन एक ओळ दूरची, एक जवळची असेही वाचून घेतात. तीन-चार आठवड्यांनंतर लाल-हिरव्या चष्म्यातून पाहायची चित्रे येतात. ती हळूहळू एकमेकांपासून दूर सरकवत नेतात आणि तरीही रुग्णाने ती एकच ठेवायची असतात. शेवटच्या टप्प्यात हेच काम मान हलवत, उभे राहून किंवा मनात बेरीज करत करायला लावतात, कारण वर्गातले वाचन शांत खोलीत होत नाही.

कन्कशनच्या रुग्णात एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागते. सत्राआधी डोकेदुखीला दहापैकी तीन गुण असतील आणि व्यायामात ते पाचाच्या वर गेले, तर थांबायचे. थोडा ताण अपेक्षित आहे. पण संध्याकाळभर डोके धरून बसावे लागत असेल, तर व्यायामाचे प्रमाण चुकले आहे. ‘जितके जास्त तितके चांगले’ हा हिशेब येथे उलटा पडतो.

सहाव्या आठवड्याला सगळी मोजमापे पुन्हा घेतात. १४ चे ८ सेंटिमीटर झाले आणि राखीव ताकद १० वरून १८ वर गेली, तर उपचार योग्य दिशेने चालला आहे. बाराव्या आठवड्याला अंतर पाच सेंटिमीटरच्या आत आले, प्रश्नावलीचे गुण १६ च्या खाली गेले आणि मुलगी तासभर वाचू लागली, तर सत्रे थांबवायची. सहा आठवड्यांत आकडे जागचे हलले नाहीत, तर आणखी सत्रे विकत घेण्यापेक्षा निदान पुन्हा तपासावे. अर्धशिशी, मानेची इजा, कानातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा बिघाड किंवा गोळ्यांचा परिणाम यांपैकी काही मुळाशी असू शकते. मान हलवली की समोरचे चित्र हलत असेल, तर तोलाच्या व्यायामात प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टची गरज असते.

उजेड सहन होत नसेल तर काय?

उजेडाच्या त्रासाचे मूळ वेगळे आहे. डोळ्याच्या पडद्यातील काही पेशी चित्र पाहण्यासाठी नसतात, तर उजेड किती आहे हे मेंदूला कळवण्यासाठी असतात. निळसर प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. त्यांचे संदेश मेंदूत वेदनेच्या मार्गांपाशी पोहोचतात. डोकेदुखीने हे मार्ग आधीच चेतलेले असले, की साधा उजेडही बोचू लागतो. म्हणूनच माराने सुरू झालेल्या डोकेदुखीचा, विशेषतः अर्धशिशीसारख्या दुखण्याचा, उपचार झाला की उजेडाचा त्रासही कमी होतो. डोळे कोरडे असतील, तर त्यांचा उपचार आधी करावा; तेवढ्यानेही अनेकांना फरक पडतो.

घरात गडद काळा गॉगल घालून बसणे हा सगळ्यात सोपा वाटणारा आणि सगळ्यात जास्त फसवणारा उपाय आहे. डोळे अंधाराला सरावतात आणि मग खिडकीतला उजेडही डोळ्यांवर येतो. परिणामी आणखी गडद काच लागते. उन्हात गॉगल आणि टोपी जरूर वापरावी. घरात मात्र फिकट रंगाची काच पुरते. ‘एफएल-४१’ नावाची गुलाबीसर छटा यासाठी वापरतात. ती निळ्या-हिरव्या पट्ट्यातला प्रकाश गाळते, पण खोली अंधारी करत नाही. दर काही दिवसांनी ती थोडा-थोडा वेळ काढून ठेवायची आणि हा वेळ वाढवत न्यायचा. लुकलुकणारी ट्यूबलाइट बदलणे आणि दिवा डोळ्यांसमोर न ठेवता मागे किंवा बाजूला ठेवणे, हे बिनखर्चाचे उपायही उपयोगी आहेत.

या उपचारांना पुरावा किती?

अमेरिकेत ९ ते १७ वयोगटातील २२१ मुलांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दवाखान्यातील सत्रे आणि घरचे व्यायाम मिळून ७३ टक्के मुले बरी झाली किंवा सुधारली. फक्त घरी पेन्सिल नाकाकडे आणण्याचा व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ४३ टक्के होते आणि नुसता दिखाऊ उपचार मिळालेल्यांत ३५ टक्के. म्हणजे यूट्यूब पाहून केलेला पेन्सिलचा व्यायाम दिखाऊ उपचारापेक्षा फारसा पुढे नव्हता. वाचनासाठी दिलेले प्रिझमचे चष्मेही मुलांमधील वेगळ्या चाचणीत साध्या चष्म्याहून सरस ठरले नाहीत.

मात्र ही मुले कन्कशनची नव्हती. कन्कशनच्या रुग्णांवरचे बहुतेक अभ्यास लहान आहेत. त्यांतल्या एका नावाजलेल्या अभ्यासात फक्त १२ जण होते. २०१९ मध्ये याच अमेरिकी गटाची ३११ मुलांवरील नवी चाचणी प्रसिद्ध झाली. तीत उपचाराने डोळ्यांची मोजमापे सुधारली, पण वाचलेले समजण्याची क्षमता दिखाऊ उपचारापेक्षा जास्त वाढली नाही. यातून हाती येते ते असे : व्यायामांनी डोळे जुळण्याची आणि जुळलेले ठेवण्याची ताकद वाढते. स्मरणशक्ती, एकाग्रता किंवा परीक्षेतले गुण वाढवण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर त्याला या चाचण्यांचा आधार नाही.

कोणाकडे जावे आणि धावपळ केव्हा करावी?

सुरुवात नेत्रतज्ज्ञापासून करावी, म्हणजे पडदा आणि नसा नीट तपासल्या जातील. व्यायाम बहुतेक ठिकाणी ऑप्टोमेट्रिस्ट किंवा ऑर्थोप्टिस्ट करून घेतात. मोठ्या नेत्र रुग्णालयांत आणि ऑप्टोमेट्रीच्या महाविद्यालयांत हा विभाग असतो. जाण्यापूर्वी ‘दोन डोळ्यांच्या समन्वयाची तपासणी होते का’ असे फोनवर विचारून घ्यावे. उपचार सुरू करताना आजचे आकडे कागदावर मागावेत, पुन्हा मोजण्याची तारीख ठरवून घ्यावी आणि सत्रे कधी थांबणार हेही विचारावे. या तीन प्रश्नांची उत्तरे न देता वर्षभराचे पॅकेज पुढे करणाऱ्यापासून सावध राहावे.

काही लक्षणांत मात्र भेटीची वेळ ठरवत बसू नये. एक बाहुली मोठी दिसणे, पापणी खाली येणे, अचानक नव्याने दोन दिसू लागणे, वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा-पुन्हा उलटी, फिट येणे, बोलणे अडखळणे, हातापायातली ताकद जाणे किंवा न थांबणारी गुंगी यांपैकी काहीही दिसले, तर थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे. डोळ्यासमोर विजा चमकणे, काळे ठिपके अचानक वाढणे किंवा पडदा ओढल्यासारखे वाटणे ही डोळ्याचा पडदा सुटल्याची लक्षणे असू शकतात. त्यासाठी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा, कारण पडदा सुटला असेल तर व्यायाम नव्हे, वेळेत झालेली शस्त्रक्रियाच दृष्टी वाचवते.